कौडीकशाची विहीर

कमरेवरचा चट्टा मला पहिल्यांदा दिसला २०१८ च्या उन्हाळ्यात. डाव्या बाजूला, परकराची नाडी जिथं काचते तिथंच, रुपयाएवढा, तांबूस आणि वर बारीक कोंडा. नाडीच्या जागी खाज, काळेपणा हे सगळ्याच बायकांना असतं, त्यामुळे मी नाडी थोडी खाली बांधायला लागले आणि विषय संपवला. दिवाळीपर्यंत तो गेला नाही तेव्हा घराजवळच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, नायटा आहे. त्यांनी एक ट्यूब दिली.

ती ट्यूब मी पुढची साडेतीन वर्षं लावली, हे सांगताना आता लाज वाटते. पण त्या ट्यूबनं फसवलंच तसं. आठ दिवस लावली की लाली उतरायची, कोंडा जायचा. बंद केली की महिन्याभरात परत. तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइडही होतं, आणि स्टेरॉइडनं कुठलीही लाली तात्पुरती बसते, मग ती कशाचीही असो. मधल्या काळात करोना आला, कोण कमरेवरचा चट्टा घेऊन दवाखान्यात जाणार? २०२२ च्या सुरुवातीला तो पुरणपोळीच्या उंड्याएवढा झाला होता आणि पोटावर, बेंबीच्या उजवीकडे, दुसरा एक लहान उगवला होता. तिथं नाडीही नव्हती नि घामही नव्हता.

मुलानं त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. तरुण होत्या, शिक्षण कोलकात्यात झालेलं. आम्ही हिंदीतच बोललो, मी इथं मराठीत सांगते. त्यांनी आधी चट्टा पाहिला. भिंग लावून पाहिला, कडा बोटानं ताणून पाहिली, मग ब्लेडच्या बोथट बाजूनं थोडा कोंडा खरवडून काचेवर घेतला. नायट्यात त्या कोंड्यात बुरशीचे धागे दिसतात, आमच्या काचेवर काहीच दिसलं नाही. त्या म्हणाल्या, नायटा कडेनं पसरतो आणि मधून बरा होत जातो, शिवाय खाजवून जीव नकोसा करतो. तुमचा मधूनही तसाच आहे, खाजत जवळपास नाही, आणि चार वर्षांत जागचा हललेला नाही, नुसता रुंद झालाय.

मग त्यांनी असं काही केलं की मला वाटलं या बाई हात बघून भविष्य सांगतात की काय. माझे दोन्ही तळहात हातात घेतले, आणि बघायचं सोडून अंगठा फिरवून चाचपत बसल्या. मग म्हणाल्या, चप्पल काढा. तळपायांवरूनही तसाच अंगठा.

माझ्या तळहातांवर मोहरीएवढे कडक दाणे आहेत. बोटांच्या मुळाशी आणि तळहाताच्या कडांना जास्त. रंग कातडीचाच, त्यामुळे डोळ्यांना फारसे दिसत नाहीत, पण हात फिरवला की खरखरीत रवा लागल्यासारखं वाटतं. मला ते इतक्या वर्षांपासून आहेत की मी त्यांना हाताचाच भाग समजत होते. तळपायांना कुरुपं आहेत, तीही जुनीच. मी सांगितलं, "रहाटाच्या दोरानं झालेत हे. दहा वर्षं विहिरीचं पाणी ओढलंय मी."

बाईंनी मान वर केली. "कुठल्या विहिरीचं?"

इंदूरला माणसाला पाण्याबद्दल विचारलं की तो नर्मदेबद्दल बोलतो. १९७८ पासून आमच्या नळाला नर्मदा येते, आणि आजही शेजारीण "नर्मदा आली का हो?" असंच विचारते, जणू नदी स्वतः जिना चढून येणार आहे. तेव्हा मीही आधी नर्मदाच म्हटलं होतं. पण त्यांना आजचं पाणी नको होतं. लग्नाआधी कुठं, लग्नानंतर कुठं, किती वर्षं, नळ की हातपंप की विहीर, असं त्यांनी एकेक वर्ष विचारून लिहून घेतलं. देशी औषधांचंही विचारलं. कुणा वैद्यानं दम्यावर, कातडीवर भस्मं दिली होती का, हरताळ, मनःशिळा असं काही. हरताळ हे आर्सेनिकचंच खनिज आहे, आणि तशा औषधांनीही हातांवर असेच दाणे येतात. मी आयुष्यात सुंठीच्या पलीकडे काही घेतलेलं नाही.

तेव्हा उरली ती कौडीकशाची विहीर.

आमचं लग्न १९८५ चं. हे पाटबंधाऱ्याच्या कामावर सब इंजिनिअर होते आणि मध्य प्रदेश तेव्हा अखंड होता, म्हणजे इंदूरचा माणूस बदलीवर कुठंही फेकला जाऊ शकायचा. १९८६ मध्ये यांची बदली राजनांदगाव जिल्ह्यात, अंबागढ चौकी विकासखंडात झाली. कौडीकसा हे त्यातलं गाव, गडचिरोलीच्या बाजूला. बाजारात हलबी, गोंडी, छत्तीसगढी आणि मोडकी मराठी सगळं चालायचं, त्यामुळे मला परकं वाटलं नाही. घरमालकाच्या परसात विहीर होती. बांधीव, आत उतरायला पायऱ्या, पाणी आरशासारखं. गावातल्या हातपंपाच्या पाण्याला लोखंडाचा वास यायचा, भांड्यांवर पिवळा थर बसायचा. आमच्या विहिरीला ना वास, ना रंग, ना चव. मला तिचा अभिमान होता. माहेरची माणसं आली की मी आधी पोहरा सोडून पाणी द्यायचे आणि मग चहाचं विचारायचे. १९९६ पर्यंत, म्हणजे दहा वर्षं, आम्ही तेच पाणी प्यालो.

डॉक्टरीण बाईंनी नाव ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. कोलकात्यात जादवपूर विद्यापीठाच्या पर्यावरण विभागाचे दीपंकर चक्रवर्ती बंगालमधल्या आर्सेनिकवर वर्षानुवर्षं काम करत होते. त्यांच्याच गटानं १९९९ मध्ये राजनांदगावच्या या गावांतलं पाणी आणि माणसांची कातडी तपासून निबंध छापला होता, आणि त्यात कौडीकसा ठळकपणे होतं. म्हणजे आम्ही तिथून निघाल्यावर तीन वर्षांनी. पुढच्या वर्षी छत्तीसगढ वेगळं झालं आणि ते गाव आमच्या राज्याच्या नकाशातूनही गेलं. इंदुरात बसून मला हे कोण सांगणार होतं?

आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. माझ्या आजेसासूबाई उंदरांच्या औषधाला सोमलच म्हणायच्या. घरी येऊन मी यांना सांगितलं तेव्हा यांचा पहिला प्रश्न होता की तिथं कुठला कारखाना होता? नव्हताच. मग यांनीच आठवून सांगितलं, इंजिनिअरचं डोकं ते. आपल्या माळव्याखाली काळा बेसाल्ट आहे. तिकडचा खडक वेगळा, फार जुना, ज्वालामुखीतूनच आलेला पण फिकट जातीचा, रायोलाइट आणि त्याला लागून ग्रॅनाइट. त्यात गंधकाबरोबर बांधलेलं आर्सेनिक असतं. खडक झिजतो, भेगांमधून पाणी मुरतं आणि ते विरघळून घेतं. तिथून जवळ बोडलला युरेनियमच्या शोधात माणसं खोदकाम करायची, हे यांना आठवत होतं. त्या खडकांत काय काय दडलंय त्याची ती खूणच होती म्हणा. बंगालमध्ये आर्सेनिक नदीच्या गाळातून येतं. कठीण खडकात मात्र पाणी भेगेभेगेनं चालतं. एका विहिरीत भरपूर, आणि पन्नास पावलांवरच्या दुसरीत जवळपास नाही, असं होऊ शकतं. तो लोखंडाच्या वासाचा हातपंप कदाचित चांगला असेलही. मी नाक मुरडून चाळीस पावलं मागं, स्वच्छ विहिरीकडे यायची.

आणि मुलगी झाल्यावर तर मी पाणी उकळायचे. वीस वीस मिनिटं. तेव्हा सगळे डॉक्टर तेच सांगायचे आणि कावीळ-जुलाबासाठी ते बरोबरही होतं. आर्सेनिक उकळून जात नाही. वाफ जाते पाण्याची, ते मागं राहतं, म्हणजे पातेल्यात उरतं ते थोडं जास्तच दाट.

तपासणीचं सांगते, कारण त्यात आमची एक मोठी चूक झाली.

बाईंनी त्याच दिवशी दोन्ही चट्ट्यांचे आणि डाव्या टाचेच्या सर्वांत जाड कुरुपाचे तुकडे काढले. सुई टोचून जागा बधिर केली, मग चार मिलिमीटरची गोल नळी, कागदाला भोक पाडायच्या पंचसारखी, फिरवून आत घातली आणि कातडीचा एक छोटासा खिळा बाहेर काढला. प्रत्येकाला एक टाका. तुकडे फॉर्मलिनच्या बाटल्यांत गेले. अहवालाला आठ दिवस होते.

ते आठ दिवस मुलाला बसवेना. त्यानं स्वतःच खासगी प्रयोगशाळेत माझी लघवी आर्सेनिकसाठी तपासायला दिली. अहवाल आला, अगदी सामान्य. घरात पेढे आणायचेच बाकी होते. हे म्हणाले, बघ, उगाच घाबरवलं. मीही दोन दिवस तशीच समजूत करून घेतली.

बाईंनी तो कागद बघून बाजूला ठेवला. शरीर आर्सेनिक लघवीवाटे टाकून देतं आणि त्यातलं निम्मं साधारण चार दिवसांतच जातं. म्हणजे ही तपासणी सांगते की गेल्या आठवड्यात तुम्ही काय प्यालात. तुम्ही नर्मदा प्यालात. केस आणि नखं तपासली तरी मागचे काही महिने कळतात, तेवढंच. (त्यांनी हेही सांगितलं की आधीच्या दिवसांत समुद्राचे मासे खाल्ले असते तर आकडा उलट वाढलेला आला असता, कारण माशांत निरुपद्रवी जातीचं आर्सेनिक असतं आणि साधी तपासणी दोन्ही एकत्र मोजते. मग पेढ्यांऐवजी रडारड झाली असती.) सव्वीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या पाण्याचा पुरावा कुठल्याही बाटलीत मिळणार नव्हता. तो माझ्या तळहातावर होता.

कातडीचा अहवाल आला. टाचेच्या कुरुपात नुसती जाड झालेली कातडी होती. पण दोन्ही चट्टे बोवेनचे. बोवेन म्हणजे कातडीच्या वरच्या थरातच असलेला कर्करोग. पेशी बिघडल्या आहेत, पूर्ण थर व्यापून आहेत, पण खालचा पडदा ओलांडून आत शिरलेल्या नाहीत. बोवेन एरवी उन्हात राहणाऱ्या अंगावर, गोऱ्या लोकांना जास्त होतो. साडीखाली झाकलेल्या पोटाकमरेवर, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी निघाला, की आर्सेनिकची शंका घ्यायची. बाईंनी माझे तळहात चाचपले ते याचसाठी. तसाच सोडला तर शंभरात तीन ते पाच जणांचा आत शिरतो, असं त्या म्हणाल्या. आणि ते कसं ओळखायचं तर चट्टा सपाट असताना मधेच गाठ उठते, जखम होते, किंवा कपडा लागून रक्त येतं.

त्या रात्री यांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशोब मांडला. आमच्या विहिरीचा आकडा आम्हाला माहीत नाही, ती केव्हाच बुजवली. पण त्या भागातल्या वाईट विहिरींत लिटरला काही शे मायक्रोग्रॅम आर्सेनिक सापडलं होतं, म्हणून यांनी ३०० धरले. पिण्याची मर्यादा आज १० आहे. दिवसाला पिणं आणि भातवरण मिळून चार लिटर पाणी पोटात, म्हणजे १२०० मायक्रोग्रॅम, सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास. दहा वर्षांचे ३६५० दिवस. उत्तर आलं साधारण ४.४ ग्रॅम. मिठाचा एक चमचाही पुरता भरणार नाही. पण एवढा सोमल एकदम पोटात गेला असता तर कितीतरी माणसं मेली असती. आम्हाला तो दहा वर्षांत, चिमूट चिमूट, आरशासारख्या पाण्यातून मिळाला.

आम्हाला म्हणते, पण यांना दाणे नाहीत. हात माझ्यापेक्षा मऊ आहेत, काय सांगू. हे सकाळी साइटवर जायचे ते संध्याकाळी यायचे, दिवसभराचं पाणी नाल्याचं किंवा तलावाचं. आम्ही त्यांना ओरडायचो की घरून पाणी न्या, तिकडचं घाण असतं. मी मात्र चोवीस तास विहिरीची. शिवाय एकाच विहिरीवरच्या दोघांना सारखं होतं असंही नाही. आर्सेनिकची वासलात लावण्याची यकृताची क्षमता माणसागणिक वेगळी असते.

एक गोष्ट मात्र मला त्यानंतर आठवली. १९९३ किंवा ९४ ची दिवाळी, इंदूरला आले होते, नणंद अभ्यंगाचं तेल लावताना म्हणाली, वहिनी, पाठीवर हे काय, मातीवर पावसाचे चार थेंब पडल्यासारखं दिसतंय. काळवंडलेल्या पाठीवर बारीक पांढरे ठिपके. आम्ही छत्तीसगढच्या उन्हाला बोल लावला. पाठीला कुठलं ऊन? पुढं इंदूरला आल्यावर ते ठिपके हळूहळू फिके होत गेले आणि मी विसरले. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, हीच पहिली पायरी असते, आणि पुस्तकातही तिला पावसाच्या थेंबांचीच उपमा आहे. चांगलं पाणी मिळालं की रंग बऱ्याचदा निवळतो. दाणे सहसा राहतात. आणि पेशीत झालेला बिघाड पाणी बदलून परत जात नाही.

उपचार त्या मानानं साधे होते. पोटावरचा लहान चट्टा कापून काढला, चार टाके. कमरेवरचा मोठा कापला तर कातडी ताणली जाईल म्हणून त्यावर फ्लोरोयुरॅसिलचं ५ टक्क्यांचं मलम, दिवसातून दोनदा, चार आठवडे. पहिला आठवडा काही नाही. दुसऱ्यात आग व्हायला लागली, तिसऱ्यात ती जागा पोळल्यासारखी लालभडक, ओली. मी घाबरून फोन केला. त्या म्हणाल्या, औषध काम करतंय, ते बिघडलेल्या पेशींना शोधून जाळतं, चांगल्या कातडीवर एवढं उठत नाही. खरंच होतं ते, चट्ट्याच्या बाहेरचा भाग जवळपास तसाच होता. महिनाभर मी नऊवारी नेसायच्या बेतात होते, पण शेवटी सुनेचे सैल गाऊन कामी आले. मलम बंद केल्यावर तीन आठवड्यांत नवी गुलाबी कातडी आली. तीन महिन्यांनी तिथला एक तुकडा परत तपासला, स्वच्छ होता. टाचांना युरियाचं मलम लावते, त्यानं कुरुपं मऊ होतात, जात नाहीत.

शेजारच्या एकांनी शरीरातलं विष बाहेर काढायचे काढे सुचवले. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, काढायला आत शिल्लक काय आहे? विष केव्हाच निघून गेलं, त्यानं केलेलं काम राहिलंय.

ते काम कातडीपुरतं नसतं. फुप्फुस आणि मूत्राशय या दोन ठिकाणीही आर्सेनिकमुळे कर्करोग होतो हे पक्कं झालेलं आहे. बाईंनी मला चिलीतल्या अँटोफागास्टा शहराचं सांगितलं. तिथं १९५८ ते १९७० या बारा वर्षांत नळाला आर्सेनिकवालं पाणी आलं, लिटरला ८०० मायक्रोग्रॅमच्या वर, मग शुद्धीकरण सुरू झालं. पाणी सुधारलं, आणि या दोन कर्करोगांचे मृत्यू त्यानंतरही दशकानुदशकं जास्तच राहिले. त्यासाठी काय करायचं, हा माझा प्रश्न. यावर त्यांनी मला गोड बोलून फसवलं नाही. मूत्राशयाचा कर्करोग लवकर पकडणारी आणि त्यानं आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेली तपासणी आमच्यासारख्यांसाठी नाही. वर्षातून एकदा लघवीत रक्ताचे कण आहेत का ते बघतो, लाल दिसली तर त्याच दिवशी यायचं. खोकला तीन आठवड्यांच्या वर गेला तर दाखवायचा. कातडी मात्र दर सहा महिन्यांनी नखशिखांत. यांना त्या म्हणाल्या की विडी सोडलीत हे फार बरं केलंत, कारण तंबाखू आणि आर्सेनिक एकत्र आले की फुप्फुसाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त होतो. यांनी २००४ मध्ये सोडली होती, माझ्या कटकटीमुळे. ते श्रेय मी घेतलं.

२०२४ मध्ये पाठीवर तिसरा चट्टा निघाला, डाळीएवढा. सुनेनं पाहिला. तो द्रव नायट्रोजननं गोठवून काढला, दहा मिनिटांचं काम. साडेतीन वर्षं ट्यूब लावण्यात आणि यात एवढाच फरक.

राहिली मुलगी. ती कौडीकशातच असताना पोटात होती, १९८९ चा जन्म, सात वर्षांची होईपर्यंत तेच उकळलेलं पाणी. अँटोफागास्टाचं सांगताना बाई म्हणाल्या होत्या की गर्भात आणि लहानपणी ज्यांना ते पाणी मिळालं त्यांच्यात तरुणपणीच फुप्फुसाचे आजार जास्त दिसले. हे वाक्य मी यांना सांगितलं नाही. मुलगी पुण्याला असते, नोकरी, दोन मुलं. तिला फोन करून सगळं सांगितलं आणि म्हटलं, एकदा दाखवून घे. ती म्हणाली, "आई, मला काही नाहीये गं." तरी रात्री तिनं दोन्ही तळहातांचे फोटो पाठवले. छान उजेडात, स्पष्ट. मी मोठे करकरून पाहिले, गुळगुळीत दिसत होते. माझेही फोटोत गुळगुळीतच दिसतात.

मी तिला लिहिलं, फोटो नको, शनिवारच्या गाडीनं ये.